आजारपणाचं घड्याळ: ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ची बारा प्रकरणं

बाबांच्या आजारपणात मी एक वही ठेवली होती. दोनशे पानी, आखीव. पट्टीने रकाने पाडले होते: वेळ, औषध, ताप, लघवी, शेरा. स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं कळलं त्या दिवसापासून बाबा गेले त्या दिवसापर्यंत 131 दिवस होतात, आणि त्यातला एकही दिवस वहीत कोरा नाही. वर्षभराने त्या दिवसांबद्दल लिहायला बसले तेव्हा वही हाताशी असल्यामुळे मी निर्धास्त होते. तारखा होत्या, क्रम होता, डॉक्टर कधी काय म्हणाले तेही होतं. त्या क्रमाने चाळीस पानं लिहिली आणि वाचायला घेतली, तर सगळं निर्जीव. एकही तपशील खोटा नव्हता, पण बाबा कुठेच नव्हते. प्रत्येक दिवसाला सारखीच जागा मिळाली होती. ते दिवस तसे गेले नव्हते. काही संध्याकाळी संपता संपत नव्हत्या, आणि काही आठवडे कुठे गेले ते आजही सांगता येत नाही.

मग मी टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही छोटी कादंबरी पुन्हा काढली. 1886 साली ती प्रसिद्ध झाली. तूला शहराच्या न्यायालयात इव्हान इलिच मेच्निकोव नावाचे एक सरकारी वकील होते. ते 1881 मध्ये वारले आणि त्यांच्या मृत्यूवरून टॉलस्टॉयला ही गोष्ट सुचली. पुढे 1908 साली नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ इल्या मेच्निकोव हे त्यांचेच धाकटे भाऊ. कॉलेजात असताना मी ती मृत्यूवरचं चिंतन म्हणून वाचली होती. या वेळी पेन्सिल घेऊन एकच काम केलं. प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला समासात लिहायचं, इथे किती काळ गेला. मी इंग्रजीतून वाचत होते. अडलेल्या ओळी रशियन येणाऱ्या एका मैत्रिणीकडे बसून मुळातून समजून घेतल्या.

गोष्ट थोडक्यात अशी. इव्हान इलिच हा पीटर्सबर्गचा न्यायाधीश. नव्या घरात पडदे कसे लावायचे ते दाखवताना शिडीवरून घसरतो, कुशीला खिडकीची मूठ लागते. मार किरकोळ असतो आणि तो हसण्यावारी नेतो. पुढे तोंडाला विचित्र चव येते, डाव्या कुशीत जड वाटू लागतं, आणि त्यातून जे सुरू होतं त्यात तो पंचेचाळिसाव्या वर्षी मरतो.

समासात पहिली नोंद केली तीच उलटी पडली. पहिल्या प्रकरणात इव्हान इलिच आधीच मेलेला आहे. न्यायालयात मधली सुट्टी आहे, प्योत्र इवानोविच नावाचा सहकारी पेपर चाळताना मृत्यूची बातमी वाचून दाखवतो, आणि खोलीतल्या प्रत्येकाच्या मनात पहिला विचार येतो तो बढत्या-बदल्यांचा. नंतर हा प्योत्र इवानोविच घरी भेटायला जातो. विधवा त्याला एका बसक्या गादीच्या आसनावर बसवते. त्याच्या स्प्रिंगा बिघडलेल्या आहेत, तो जरा हलला की आसन उसळतं. तिची शाल टेबलाच्या नक्षीत अडकते. अशा सगळ्या गडबडीत ती सांगते की ते तीन दिवस सतत ओरडत होते, तीन दारांपलीकडे ऐकू जात होतं, आणि ते मी कसं सोसलं ते माझं मलाच ठाऊक. पुढचा प्रश्न पेन्शनचा: सरकारकडून आणखी काही मिळेल का?

शेवट आधीच सांगून टाकल्यामुळे काय होतं, ते मला माझी चाळीस पानं समोर ठेवल्यावर कळलं. माझ्या लेखनाला पुढे ढकलणारा प्रश्न एकच होता: बाबा वाचतात का? वाचणाऱ्याला उत्तर माहीत असूनही मी प्रत्येक रिपोर्टपाशी ताण आणत होते. रक्तातली अमुक पातळी खाली आली म्हणून आशा, मग पुढच्या स्कॅनमध्ये गाठ वाढली म्हणून निराशा. टॉलस्टॉय तो प्रश्न पहिल्याच पानावर काढून घेतो. आणि ज्या तीन दिवसांच्या ओरडण्याकडे सगळी कादंबरी चालली आहे ते आपण आधी बाहेरून ऐकतो, दारांपलीकडून, बायकोच्या तक्रारीच्या सुरात. तेच तीन दिवस बाराव्या प्रकरणात परत येतात तेव्हा आपण दाराच्या आत असतो. घटना एकच, फरक पडतो तो फक्त आपण कुठे उभे आहोत याने.

टॉलस्टॉयने हे आधीपासून असं ठरवलेलं नव्हतं. सुरुवातीच्या एका खर्ड्यात मेलेल्या माणसाची रोजनिशी त्याची बायको एका सहकाऱ्याच्या हाती देते आणि तो ती वाचतो, अशी रचना होती. म्हणजे आजारी माणूस स्वतः ‘मी’ म्हणून बोलणार होता. टॉलस्टॉयने ते सोडलं हे बरं झालं असं मला वाटतं, कारण रोजनिशी लिहू शकणाऱ्या माणसाकडे अजून तारीख असते, वाक्य असतं, टेबलाशी बसण्याचं बळ असतं. या गोष्टीला त्याच्या पलीकडे जायचं आहे.

आता समासातल्या बाकीच्या नोंदी. दुसऱ्या प्रकरणात जवळजवळ सगळं आयुष्य आहे: शिक्षण, नोकऱ्या, लग्न, मुलं, सतरा वर्षांचा संसार, काही पानांत. तिसऱ्यात 1880 हे वर्ष आणि नवं घर. चौथ्यापासून सहाव्यापर्यंत आजाराचे पहिले काही महिने. सातव्याच्या सुरुवातीला टॉलस्टॉय सांगतो की आजाराचा तिसरा महिना चालू आहे. आठव्यात एकच दिवस. नवव्यात त्याच दिवसाची रात्र.

इथवर आकृती सरळ दिसते. वर्षं, महिने, दिवस, रात्र. नरसाळ्यासारखा काळ अरुंद होत जातो. या कादंबरीबद्दल असंच म्हटलं जातं आणि मीही तेच धरून चालले होते. पण दहावं प्रकरण सुरू होतं ते ‘आणखी दोन आठवडे गेले’ असं सांगत. अकरावंही तसंच, आणखी दोन आठवडे. नरसाळ्याच्या हिशेबाने दहाव्यात तास यायला हवे होते. काळ परत पसरला कसा?

याचं उत्तर आठव्या प्रकरणात आहे, आणि माझ्या दृष्टीने सगळ्या कादंबरीची किल्ली तिथेच आहे. त्या प्रकरणात सकाळ झाली हे इव्हान इलिचला कळतं ते त्याची शुश्रूषा करणारा नोकर गेरासिम निघून गेला आणि दुसरा नोकर आला म्हणून. नोकर मेणबत्त्या विझवतो, एक पडदा सरकवतो, आवराआवर करतो. टॉलस्टॉय तिथेच सांगतो की सकाळ काय, संध्याकाळ काय, शुक्रवार असो की रविवार, त्याला सगळं सारखंच. आहे ती न थांबणारी ठणक. म्हणजे ज्याच्यासाठी वार उरलेले नाहीत अशा माणसाचा एक दिवस लेखक आपल्याला तासातासाने दाखवतो. आणि ते तास येतात कुठून? बाहेरून आत येणाऱ्यांकडून. नोकर चहाचं विचारतो. डॉक्टर थंडीतून आलेले हात चोळत, ताजेतवाने आत येतात. बायको येते. दुसरा मोठा डॉक्टर ठरल्या वेळी येतो. संध्याकाळी घरची मंडळी नटून-थटून उभी असतात, सारा बर्नहार्टच्या नाटकाला निघालेली. तिकिटं आधीच काढलेली आहेत. शाळकरी मुलगा वास्या मागून येतो, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आणि बापाला वाटतं की गेरासिमखेरीज आपलं दुखणं कळतं ते यालाच. मग सगळे जातात, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे तासही जातात.

म्हणून दहाव्यात दोन आठवडे एका वाक्यात जातात. घरात घडणाऱ्या गोष्टींचा आधार सुटला की आजारी माणसाचा दिवस आणि आठवडा यांत फरक करायला काहीच उरत नाही. दिवस मोठे होत नाहीत, लहानही होत नाहीत; ते मोजण्याजोगे राहत नाहीत. आता तो भिंतीकडे तोंड करून सोफ्यावर पडून आहे. आणि जो काळ पुढे सरकत नाही तो मागे धावतो. त्या दिवशी जेवणात शिजवलेले आलुबुखार आले होते. त्यावरून त्याला लहानपणचे कच्चे, सुरकुतलेले आलुबुखार आठवतात, त्यांची चव, कोयीपर्यंत पोचल्यावर तोंडात सुटणारं पाणी, मग दाई, भाऊ, खेळणी. आठवण नेहमी जवळच्या गोष्टीपासून निघते आणि लहानपणी जाऊन थांबते. त्याच्या ध्यानात येतं की आयुष्य जितकं मागे तितकं उजळ होतं, नंतर काळोख वाढत गेला आणि वेगही. तो गणितच मांडतो: मृत्यूपासूनच्या अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. खाली पडणारा दगड आहे, वेग सारखा वाढतोय. न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाचं सूत्र एका मरणाऱ्या न्यायाधीशाच्या तोंडी येतं आणि ते जराही चिकटवलेलं वाटत नाही, कारण जन्मभर तो याच भाषेत विचार करत आला आहे.

भाषेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आजार कादंबरीचा आवाज कसा बदलतो ते इथे शब्दाशब्दात दिसतं. सुरुवातीची प्रकरणं एखाद्या सरकारी टिपणासारखी आहेत: नेमस्त, लांब, जराही न गुंतणारी. ‘सुखाचं’ आणि ‘रीतीला धरून’ या अर्थाचे शब्द पुन्हा पुन्हा येतात. आयुष्य असं सोपं, सुखाचं आणि रीतसर जावं एवढंच त्याचं मागणं आहे. चौथ्या प्रकरणात तो पहिल्यांदा मोठ्या डॉक्टरकडे जातो आणि तिथे त्याला स्वतःचाच आवाज ऐकू येतो. आरोपीशी तो ज्या चेहऱ्याने बोलत आला त्याच चेहऱ्याने डॉक्टर त्याच्याशी बोलतात. हे धोक्याचं आहे का, हा त्याचा प्रश्न डॉक्टरांच्या लेखी गैरलागू असतो. वाद फक्त सुटं झालेलं मूत्रपिंड की आंधळं आतडं एवढाच, आणि डॉक्टर तो आतड्याच्या बाजूने निकाली काढतात, चष्म्यावरून आरोपीकडे बघत. निदान शेवटपर्यंत पक्कं होत नाही. मला हा टॉलस्टॉयचा सगळ्यात धाडसी निर्णय वाटतो. रोगाला नाव मिळालं असतं तर गोष्टीला रोगाच्या टप्प्यांमागून चालावं लागलं असतं, जसं माझ्या पानांना केमोच्या फेऱ्यांमागून चालावं लागलं.

सहाव्या प्रकरणात एक सर्वनाम येतं. तो कचेरीत काम करत असतो, कुशीतली ठणक सुरू होते, आणि ‘ती’ येऊन समोर उभी राहते, त्याच्याकडे बघते. ही ‘ती’ कोण? रशियनमध्ये वेदनेला ‘बोल’ आणि मृत्यूला ‘स्मेर्त’ म्हणतात, दोन्ही स्त्रीलिंगी. म्हणून ‘अना’, म्हणजे ‘ती’, या एका शब्दात दोघी मावतात, आणि वाचणाऱ्याला कुठे वेदना संपली आणि कुठे मरण सुरू झालं ते सांगता येत नाही. रुग्णालाही ते सांगता येत नाही. इंग्रजीत त्याचं निर्जीव ‘इट’ होतं. मराठीत तर आणखी पंचाईत, कारण वेदना ‘ती’, मृत्यू ‘तो’ आणि मरण ‘ते’. मैत्रिणीने मूळ ओळ वाचून दाखवली तेव्हा आम्ही बराच वेळ पर्याय शोधत बसलो. ‘ती’ ठेवलं तर मराठी वाचक वेदनाच समजेल. ‘ते’ म्हटलं तर निदान नाव न घेता सांगितल्यासारखं वाटतं, घरात आपण ‘त्याचं काही बोलू नका’ म्हणतो तसं. मला ‘ते’ जास्त पटलं. पण समोर येऊन उभं राहून बघणं ‘ते’ला तितकं जमत नाही.

शेवटी आवाजही शब्दांतून सुटत जातो. तीन दिवसांचं ओरडणं हे वाक्य नाही, एक लांबलेला स्वर आहे. टॉलस्टॉय स्पष्ट म्हणतो की त्या तीन दिवसांत त्याच्यासाठी काळच नव्हता. कोणीतरी त्याला एका काळ्या पोत्यात कोंबत होतं. मग हात मुलाच्या डोक्याला लागतो, मुलगा तो ओठांना लावून रडू लागतो. इव्हान इलिचला बायकोला ‘प्रस्ती’, म्हणजे क्षमा कर, असं म्हणायचं असतं. तोंडातून निघतं ‘प्रपुस्ती’, मला पुढे जाऊ दे. शब्द सुधारायची ताकद नसते आणि तो सोडून देतो. जन्मभर एक शब्द चुकू न देणाऱ्या माणसाचा शेवटचा शब्द चुकतो, आणि चुकलेला शब्दही खराच असतो. त्याच्यासाठी हे सगळं एका क्षणात घडतं. खोलीत असलेल्यांसाठी मात्र अखेरची घरघर आणखी दोन तास चालते. दोन्ही घड्याळं एकाच पानावर शेजारीशेजारी, आणि लेखक त्यांचा मेळ घालत नाही.

हे वाचून मी वही पुन्हा उघडली तेव्हा शेवटच्या तीन दिवसांच्या पानांवर गेले. मला वाटलं होतं तिथे तरी काहीतरी ढळलेलं असेल. पण नोंदी चोख होत्या. सहा, दहा, दोन, सहा, दहा. मॉर्फिन चार-चार तासांनी द्यायचं होतं आणि एकही वेळ चुकली नव्हती. अक्षरसुद्धा हललेलं नाही. मला ते पान आठवतं: रात्री दोनचा गजर, स्वयंपाकघरातला छोटा दिवा, गोळीचा चुरा पाण्यात कालवून चमच्याने ओठांशी धरलेला, आणि मग टेबलाशी उभ्यानेच वेळ लिहिणं. ती वही बाबांच्या आजाराची नव्हतीच. ती माझ्या पहाऱ्याची होती. आठव्या प्रकरणातला नोकर मेणबत्त्या विझवतो आणि सकाळ करतो, तसा मी चमचा घेऊन यायचे आणि रात्रीचे दोन वाजवायचे. त्या घड्याळाने बाबांची गोष्ट सांगायला गेले म्हणून ते त्यात आले नाहीत.

मग बाबांचा वेळ कुठे होता? शोधत गेले तर तो शेरा या शेवटच्या, अरुंद रकान्यात सापडला. घाईत, तिरप्या अक्षरांत, औषधाशी संबंध नसलेलं काही त्यांनी म्हटलं की मी तिथे टिपून ठेवलं होतं, डॉक्टरांना सांगावं लागेल म्हणून. बाबा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. सगळी नोकरी गाड्यांच्या वेळा लावण्यात गेली. दिवस 74: ‘पंखा बंद करा, गाड्यांचं ऐकू येत नाही’. दिवस 96: ‘आज काय वार विचारलं. सांगितलं’. त्यानंतर वार विचारल्याची नोंद कुठेच नाही. दिवस 109 पासून एकच वाक्य परत परत: ‘साडेपाचची लागली का?’ पहिल्या दिवशी आई म्हणाली होती, ‘अहो, आता कसली साडेपाचची?’ चौथ्या दिवसापासून ती म्हणायला लागली, ‘लागली, पण सुटायला वेळ आहे’. आईचं उत्तर मी वहीत लिहिलं नव्हतं. ते मला वाचताना आठवलं.

एवढ्या शेऱ्यांचा जेमतेम दीड पानाचा मजकूर होतो. 131 दिवसांचं दीड पान. त्यात क्रम आहे, पण अंतरं विचित्र आहेत: कधी तीन आठवडे काहीच नाही, कधी एका रात्रीत पाच ओळी. नव्या खर्ड्यात मी ती अंतरं तशीच ठेवली आहेत. केमोच्या तिन्ही फेऱ्या मिळून एक परिच्छेद झाला. निदानाचा दिवस, ज्याला आधी सहा पानं दिली होती, तो आता दोन वाक्यांत आहे, आणि बाबा गेल्याचं पहिल्याच पानावर येतं, शेजारच्या काकूंच्या तोंडून, दुधाच्या पिशव्या हातात असताना. सगळ्यात जास्त जागा दिवस 112 च्या रात्रीला गेली आहे. त्या रात्री दहाच्या आणि दोनच्या गोळीमध्ये शेरा रकान्यात पाच नोंदी आहेत आणि वेळेच्या रकान्यात एकही नाही.

अडलंय ते एका ठिकाणी. साडेपाचची गाडी कुठली, हे आम्हाला कोणालाच माहीत नाही. बाबांच्या जुन्या डेपोतून पहाटे साडेपाचला दोन गाड्या सुटायच्या, संध्याकाळी एक. खर्ड्यात गावाचं नाव घातलं तर वाक्य स्पष्ट होतं. मी दोनदा घातलं आणि दोनदा खोडलं. सध्या तिथे ‘साडेपाचची’ एवढंच आहे.